शिळी पोळी पुन्हा मऊ कशी होते?

जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा सकाळच्या पोळ्या दुपारी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत डबा उघडेपर्यंत ताठ होतात. पोळी सुकली, असं आपण म्हणतो. पण घट्ट झाकलेली पोळीही ताठ होतेच. भाजताना पाणी पिऊन फुगलेले स्टार्चचे रेणू थंड होताना पुन्हा एकमेकांना चिकटून रचले जातात. फ्रिजच्या तापमानाला हे सर्वांत वेगानं घडतं. साधारण साठ अंशांपुढे ही रचना मोडते आणि पोळी मऊ होते, मात्र आत पाणी शिल्लक हवं.

म्हणून कोरड्या तव्यावर रेंगाळलेली पोळी पापडासारखी होते. मध्यम आचेवर पाण्याचा हलका हात फिरवून, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा मिनिट पुरे. चार-पाच पोळ्या असतील तर फॉइलमध्ये गुंडाळून मंद तव्यावर उलटसुलट कराव्यात; वाफ आतच राहते.

मायक्रोवेव्हमध्ये फॉइल नको, ठिणग्या उडतात. तिथे घट्ट पिळलेलं ओलं सुती फडकं गुंडाळून एका पोळीला पंधरा-वीस सेकंद द्यावेत. कड वाकवून पाहावी. ताठच असेल तर आणखी पाच सेकंद. जास्त झालं की पोळी चामट होते. आणि गरम केलेली पोळी लगेच खावी, कारण निवताना ती पुन्हा ताठरते.