तीस, साठ आणि मधले चाळीस

नवा गेम सुरू केला की मेनूत कुठेतरी एक निवड समोर येते: क्वालिटी मोड की परफॉर्मन्स मोड? काही गेममध्ये पहिल्याला फिडेलिटी किंवा रिझोल्यूशन मोडही म्हणतात. बहुतेक जण जो आधीपासून निवडलेला असतो तोच राहू देतात. घरात १२० हर्ट्झचा टीव्ही असेल, तर या निवडीकडे दोन मिनिटे नीट पाहायला हवे, कारण त्या टीव्हीवर एक तिसरा पर्यायही उघडतो आणि तो अनेकांना ठाऊकच नसतो.

कन्सोलमधल्या चित्र काढणाऱ्या चिपची ताकद ठरलेली असते. ती वाढवता येत नाही, फक्त कुठे खर्च करायची ते ठरवता येते. क्वालिटी मोडमध्ये सेकंदाला साधारण ३० चित्रे, म्हणजे फ्रेम, तयार होतात. प्रत्येक फ्रेमसाठी चिपला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ती ४केच्या जवळपासचे बारकावे काढते, ओल्या रस्त्यावर खरी प्रतिबिंबे दाखवते, दूरची झाडेही नीट रंगवते. परफॉर्मन्स मोडमध्ये फ्रेम ६० होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. वेळ निम्मा झाल्यावर काहीतरी सोडावेच लागते. चित्र आधी कमी पिक्सेलचे काढून मग ताणून मोठे केले जाते, प्रतिबिंबे साधी होतात, रस्त्यावरची गर्दीही कधीकधी विरळ होते. त्याच्या बदल्यात हालचाल सलग दिसते आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होतो.

तिसरा पर्याय आहे सेकंदाला ४० फ्रेमचा. ३० वरून ४० म्हणजे दहाचीच तर वाढ, असे वाटते. पण डोळ्याला आणि हाताला फ्रेमची संख्या जाणवत नाही, दोन फ्रेममधला वेळ जाणवतो. ३० ला तो ३३.३ मिलिसेकंद असतो, ६० ला १६.७ आणि ४० ला २५. म्हणजे आकड्यांत ४० हे ३० च्या जवळ असले, तरी वेळेच्या हिशोबात ते ३० आणि ६० च्या बरोबर मध्यावर बसते. चिपला मात्र प्रत्येक फ्रेममागे फक्त पाव वेळ वाचवावा लागतो, निम्मा नाही. त्यामुळे सुंदर चित्रातले फार थोडे सोडून गुळगुळीतपणा बराच मिळतो.

मग हे सगळ्याच टीव्हींवर का देत नाहीत? साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो आणि ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही. एक फ्रेम एकदा दिसते, पुढची दोनदा, त्यापुढची पुन्हा एकदा. हालचाल लंगडत चालणाऱ्या माणसासारखी दिसते, एक पाऊल आखूड आणि एक लांब. १२० हर्ट्झच्या टीव्हीवर प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दिसते आणि ताल चुकत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट गाजली ती प्लेस्टेशन ५ वरच्या ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ या गेममुळे. इन्सोम्नियाक गेम्सचा हा गेम जून २०२१ मध्ये आला तेव्हा त्यात ३० फ्रेमचा फिडेलिटी, ६० फ्रेमचा परफॉर्मन्स आणि रे ट्रेसिंग राखून ६० फ्रेम देणारा असे तीन मोड होते. थोड्याच काळात अपडेटने फिडेलिटी मोडला १२० हर्ट्झचा पर्याय जोडला आणि त्या टीव्हींवर तो मोड ४० फ्रेमने चालू लागला. तुमच्याकडे हा गेम असेल तर फरक स्वतः पाहा. निऑन दिव्यांच्या नेफेरियस सिटीत एका जागी उभे राहा, कंट्रोलरची उजवी काठी हलकेच ढकलून कॅमेरा फिरवा आणि फक्त उभ्या कडांकडे पाहा, म्हणजे खांब, दारे, इमारतींचे कोपरे. ३० ला त्या कडा धक्के खात सरकतात किंवा दुहेरी दिसतात. ४० ला त्या पुष्कळ स्थिर होतात आणि प्रतिबिंबे तशीच राहतात. ओएलईडी टीव्हीवर हा फरक आणखी ठळक असतो, कारण त्याचे पिक्सेल क्षणात बदलतात आणि ३० फ्रेमचे धक्के उघडे पडतात. जुन्या एलसीडीचा संथपणा ते धक्के थोडे झाकत असे.

नंतर ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’, ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ आणि ‘स्पायडर-मॅन २’ यांतही ४० फ्रेमची सोय आली. ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये तर परफॉर्मन्स मोडमध्येही रे ट्रेसिंगची प्रतिबिंबे असतात. तिथे ६० निवडून फार काही गमवावे लागत नाही. म्हणून एका गेममध्ये काय निवडले यावरून दुसऱ्याचे ठरवू नये.

आता क्वालिटी मोडमधल्या जास्तीच्या पिक्सेलचा प्रश्न. ५५ इंची टीव्ही सुमारे १२१ सेंटीमीटर रुंद असतो. चांगल्या नजरेलाही त्यावरचे ४केचे सुटे पिक्सेल ओळखायला साधारण साडेतीन फुटांवर बसावे लागेल. १४४०पी चित्राचे पिक्सेल साडेपाच फुटांपलीकडे वेगळे कळत नाहीत. आपल्या दिवाणखान्यांत सोफा सात-आठ फुटांवर असतो. तिथून पिक्सेलची संख्या फारशी दिसत नाही. दिसते ते ताणलेल्या चित्राचे दोष: गवत, केस, तारांची कुंपणे चुळबुळतात, लुकलुकतात. परफॉर्मन्स मोड तपासताना नजर तिथे ठेवा. ते खटकत नसेल तर क्वालिटी मोडचा मोठा फायदा तुमच्यासाठी उरलेला नाही.

४० चा पर्याय मेनूत दिसतच नसेल, तर दोष बहुधा जोडणीत असतो. अनेक टीव्हींत चारपैकी एक-दोनच एचडीएमआय पोर्ट ४के १२० हर्ट्झ घेतात, आणि त्या पोर्टसाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये वाढीव सिग्नलचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. कन्सोलसोबत आलेलीच केबल वापरा. प्लेस्टेशन ५ मध्ये Screen and Video मध्ये जाऊन १२० हर्ट्झचे आउटपुट Automatic ठेवा. गेम चालू असताना टीव्हीचे माहितीचे बटण दाबल्यावर १२० दिसले की काम झाले. टीव्हीचा गेम मोडही चालू हवा. तो बंद असला तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात इतका वेळ घालवतो की ६० फ्रेमने मिळवलेली चपळाई तिथेच संपते. दुकानातल्या स्टिकरवर मात्र भिस्त ठेवू नका. ‘मोशन १२०’सारखे शब्द कित्येकदा ६० हर्ट्झच्या पॅनेलवर मधल्या फ्रेम बनवून घालण्याच्या सोयीसाठी वापरलेले असतात. विक्रेत्याला पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट आणि कन्सोलकडून ४के १२० हर्ट्झ घेणारा पोर्ट, या दोन्ही गोष्टी विचारा.

व्हीआरआर असलेल्या टीव्हीवर काही गेम फ्रेमची मर्यादा उठवतात आणि आकडा वरखाली होत राहतो. टीव्ही त्याच्याशी जुळवून घेतो, पण प्लेस्टेशन ५ वर ही जुळवणी साधारणपणे ४८ फ्रेमपर्यंतच चालते. त्याखाली गेमच्या रचनाकारांनी वेगळी तजवीज केलेली नसेल तर धक्के परत येतात. असे वाटले तर मर्यादा पुन्हा लावून पक्के ४० घ्या. डळमळत्या पन्नासपेक्षा स्थिर चाळीस डोळ्याला बरे वाटतात.

माझे मत स्पष्ट आहे. नेमबाजी, फुटबॉल, रेसिंग, हाणामारी असेल तर परफॉर्मन्स मोड घ्या. सावकाश भटकत पाहण्याचा, गोष्ट सांगणारा गेम असेल आणि त्यात ४० चा पर्याय असेल, तर तोच घ्या. आणि १२० हर्ट्झच्या टीव्हीवर क्वालिटी मोड फक्त ३० देत असेल, तर तो स्क्रीनशॉट काढण्यापुरता ठेवा आणि खेळा मात्र साठवर.