होमवर्कची लिंक पालकांच्या फोनवर उघडत नाही? आधी स्वतःचं सेटिंग बघा, मग मेसेज लिहा

व्हिडिओमध्ये क्लासच्या ग्रुपचा विषय निघाला होता, पण वेळेअभावी एक गोष्ट नीट सांगायची राहिली, ती आज लिहून देतो. घरगुती ट्युशन, अबॅकस, ड्रॉइंग, कुठलाही क्लास सुरू करणार असाल तर पहिल्याच आठवड्यात तुम्हाला हे लागणार आहे.

एका ताईंचं उदाहरण घेऊ. सातवीचं गणित, बावीस मुलं. ताई रोज संध्याकाळी होमवर्कची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकायच्या आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर द्यायच्या. पहिल्याच दिवशी रात्री नऊपर्यंत पालकांचे फोन सुरू. "मॅडम, ओपनच होत नाही." ताईंनी मला विचारलं, "सर, पालकांना समजेल असा मेसेज कसा लिहू?" मी म्हटलं, मेसेज राहू द्या, आधी ती लिंक मला पाठवा. माझ्या फोनवरही ती उघडली नाही. स्क्रीनवर आलं "You need access".

म्हणजे चूक पालकांची नव्हतीच. ड्राइव्हवर तुम्ही फाइल टाकता तेव्हा ती फक्त तुमच्यासाठी उघडी असते. लिंक कॉपी करून दिली तरी दार बंदच असतं, कारण लिंक म्हणजे पत्ता, किल्ली नव्हे. तुमच्या फोनवर मात्र ती छान उघडते, कारण तिथे तुमचंच खातं चालू असतं. म्हणून तर ताई प्रत्येकाला सांगत होत्या, "माझ्याकडे तर होतंय!" पालक बिचारे "Request access" दाबत होते आणि त्या विनंत्या ताईंच्या ईमेलमध्ये पडून होत्या. ईमेल कोण रोज उघडतो?

तर हे आधी करा. रोज वेगळी लिंक द्यायचीच नाही. ड्राइव्हमध्ये "सातवी गणित होमवर्क" असं एकच फोल्डर बनवा. फोल्डरशेजारच्या तीन टिंबांवर दाबा आणि "Manage access" किंवा "Share" मध्ये जा. तिथे "General access" खाली "Restricted" लिहिलेलं असेल, ते बदलून "Anyone with the link" करा. शेजारी "Viewer" आहे ना, ते बघा. चुकून "Editor" ठेवलंत तर एखादं पोरगं खेळता खेळता फाइलच उडवेल. फोन मराठीत असेल तर हे शब्द मराठीत दिसतील, पायऱ्या त्याच. मग "Copy link". आता या फोल्डरमध्ये रोज नवी फाइल टाकत राहा, लिंक वर्षभर तीच चालेल.

एक सावधगिरी. ज्याच्या हातात लिंक जाईल त्याला ते फोल्डर दिसणार. पालकाने पुढे पाठवली तर शेजारच्या क्लासवाल्यालाही. होमवर्कचं ठीक आहे, पण मुलांचे मार्क, फीची यादी, मोबाईल नंबर त्यात टाकू नका.

आता तपासणी. क्रोममध्ये तीन टिंबं, "New Incognito tab", तिथे लिंक पेस्ट करा. या टॅबमध्ये तुमचं खातं चालू नसतं, त्यामुळे पालकाला जे दिसेल तेच तुम्हाला दिसतं. फोल्डर उघडलं तर झालं. साइन इन मागितलं किंवा "You need access" आलं, तर सेटिंग परत बघा. मिनिटभराचं काम आहे, पण ते न करता ग्रुपवर लिंक टाकू नका.

एवढं झालं की मग मेसेज. ताईंचा पहिला मेसेज होता: "सर्व पालकांनी कृपया खालील लिंकवर क्लिक करून ड्राइव्हमधील फाइल ॲक्सेस करून डाउनलोड करावी." वाक्य बरोबर आहे हो, पण ज्या घरी फोन आजीच्या हातात आहे तिथे "ॲक्सेस" म्हणजे काय? शिवाय डाउनलोडची गरजच नाही. आम्ही बसून तो असा केला:

> नमस्कार पालकहो 🙏
> *सातवी गणित – रोजचा होमवर्क*
>
> (लिंक इथे, एकटी, वेगळ्या ओळीवर)
>
> १. वरच्या रंगीत अक्षरांवर एकदा बोट दाबा.
> २. फोनने विचारलं की कशात उघडू, तर Drive किंवा Chrome निवडा.
> ३. आजच्या तारखेच्या नावावर दाबा. होमवर्क दिसेल. डाउनलोड करायची गरज नाही.
>
> ही लिंक OTP, पिन किंवा पैसे मागत नाही, नवं ॲप टाकायलाही सांगत नाही. तसं काही आलं तर बंद करा आणि मला फोन करा.
> उघडलं नाही तर स्क्रीनवर काय दिसतंय त्याचा फोटो मला वेगळा पाठवा, ग्रुपवर नको.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम आहेत. लिंक एकटी ठेवली, कारण तिला शब्द किंवा टिंब चिकटलं तर कधी कधी तेही लिंकचा भाग समजलं जातं आणि चुकीचं पान उघडतं. दुसरी पायरी सगळ्यांना लागत नाही, पण ज्याच्या फोनवर ती खिडकी येते तो नेमका तिथेच थांबतो. तिसरी पायरी चालायची असेल तर फाइलचं नाव तसं हवं. "Scan0047" नाही, "१२ जून अपूर्णांक" असं. आणि OTP ची ओळ हवीच. हल्ली व्हॉट्सॲपवर लिंक आणि ॲपच्या फाइली पाठवून लोकांना फसवलं जातं, त्यामुळे काही पालक लिंक दाबायलाच घाबरतात. त्यांचं घाबरणं बरोबर आहे. आपण काय मागणार नाही हे आधीच सांगितलं की ते निवांत होतात, आणि उद्या कोणी तुमच्या नावाने खोटी लिंक पाठवली तर ओळखूही शकतात.

शेवटच्या ओळीतला फोटो तुमच्या सोयीचा आहे. "ओपन होत नाही" यावरून काहीच कळत नाही, फोटोवरून लगेच कळतं. "You need access" दिसत असेल तर चूक तुमची. नुसतं गोल फिरत असेल तर त्यांचं नेट. स्क्रीनशॉट जमत नसेल तर दुसऱ्या फोनने फोटो काढा म्हणायचं. तेही नसेल तर जे लिहिलंय ते मुलाला वाचून दाखवायला सांगा, सातवीचं पोरगं वाचतं.

गूगल फॉर्मवर चाचणी घेणार असाल तर अजून एक लक्षात ठेवा. फॉर्ममध्ये "Limit to 1 response" चालू केलं किंवा वहीचा फोटो जोडायला सांगितला, तर गूगल खात्याने साइन इन करावंच लागतं. ज्या पालकांना आपल्या जीमेलचा पासवर्ड आठवत नाही ते तिथे अडकतात. नुसते प्रश्न ठेवा आणि नाव लिहायची एक जागा द्या.

मेसेज गेला की त्यावर बोट दाबून धरा आणि "Pin" करा, 30 दिवसांचा पर्याय निवडा. नाहीतर दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तो गाडला जातो. ताईंनी मेसेज टाकला त्या रात्री त्यांना तीन फोन आले. दोघांचं नेट संपलं होतं. तिसऱ्या आजी होत्या, त्यांचं उघडलं होतं, फक्त गणित कसं सोडवायचं ते विचारायचं होतं.