चहाचा कप कुणाशी जोडायचा?

बालवाडीतल्या विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या लावायच्या कागदावर डावीकडे वाफाळता चहाचा कप असतो आणि उजवीकडे आइस्क्रीमचा कोन. कपाकडून कोनाकडे रेघ ओढली की गरम-थंड जमलं, असं आपण धरून चालतो. पण त्याच उजव्या रांगेत रिकामा पेला असेल, तर चार वर्षांचं मूल बिनदिक्कत कप पेल्याशी जोडतं. दोन्ही भांडी, दोन्ही ओट्यावरची. त्याच्या हिशेबाने ही जोडी चोख आहे. या वयात एका घरची, एका कामाची वस्तू शोधणं सोपं जातं. विरुद्ध जोडी लावायची तर बाकी सगळं सोडून एकाच गुणाकडे बघावं लागतं.

मग काही शिक्षिका शहाणपणाने एकच वस्तू दोनदा काढतात: भरलेली बादली, रिकामी बादली, उघडं दार, बंद दार. कागद फटाफट सुटतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. मुलाने बादलीला बादली जोडलेली असते. भरलेली-रिकामीकडे त्याने पाहिलेलंही नसतं. शिवाय चारपैकी तीन जोड्या लागल्या की चौथी आपोआप लागते.

यावर चांगला तोडगा म्हणजे प्रत्येक ओळीला वेगळी चौकट. डावीकडे वाफाळत्या दुधाचा पेला. उजवीकडे तसेच दोन पेले, एकात वाफ, दुसऱ्यात बर्फाचे खडे. आता आकाराची मदत नाही. ‘सारखं शोधा’ असं समजलेलं मूल वाफेच्या पेल्याकडे जाईल, विरुद्ध कळलेलं बर्फाकडे. मूल कुठे अडलंय ते चूक पाहूनच कळतं. एका कागदावर अशा तीन चौकटी पुरतात. तरी दोनातून एक निवडायचं असल्याने अंदाजही बरोबर येतो. म्हणून शेजारी बसून ‘हाच का?’ विचारावं. ‘हा गार आहे’ म्हणालं तर समजलं; ‘हा छान आहे’ म्हणालं तर अजून वेळ आहे.

गरम-थंडची गोम वेगळीच. उंची डोळ्यांना दिसते, ऊन-गार हाताला कळतं. चित्रातल्या तीन नागमोडी रेघा म्हणजे वाफ, हा मोठ्यांनी ठरवलेला संकेत. काही मुलांना तो धूर वाटतो, काहींना वास. बर्फाच्या लादीवरही वाफेसारखं पांढरं तरंगताना त्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे कागद देण्याआधी कोमट पाण्याची वाटी आणि माठातल्या पाण्याची वाटी आळीपाळीने हातात द्यावी. कोमटच हं, कढत नको.

आणि झेरॉक्स काढताना जरा बघावं. फिकट वाफ प्रतीत हमखास उडते, मग उरतात तीन पेले आणि बुचकळ्यात पडलेला वर्ग. मूळ कागदावरच त्या रेघा जाड काळ्या पेनाने गिरवून घ्याव्यात.