गोळी घड्याळाची नव्हे, पोटाची

सगळ्या गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदम घेतल्या की विसरायला होत नाही, हे खरं. पण कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं, आणि गोळी रोज घेऊनही टीएसएच चढाच राहतो. म्हणून थायरॉक्सिन उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी घ्यावं, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियम निदान चार तासांनी, दुपारच्या जेवणाबरोबर. सकाळी जमत नसेल, तर डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर तीन तासांनी झोपताना. मधुमेहाची ग्लिमेपिराइड मात्र न्याहारीला बांधलेली. पोट रिकामं असलं तरी ती इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून उपासाच्या दिवशी जपायला हवं. ‘उपासाला साबुदाणा खातोच की,’ असं कुणी म्हणेल. पण तो दुपारी आणि गोळी सकाळी, मधल्या वेळात घाम आणि थरथर. एकादशीचा डोस आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा.