चक्रशोधनाची ससा-कासव पद्धत

ससा-कासव पद्धत ही संगणकशास्त्रातील एक रीत आहे. तिच्या साहाय्याने एखाद्या लिंक्ड लिस्टमध्ये चक्र आहे की नाही आणि असल्यास ते कोणत्या नोडपासून सुरू होते, हे ठरवता येते. एक संथ आणि एक जलद असे दोन पॉइंटर यादीतून एकाच वेळी पुढे नेले जातात, म्हणून तिला हे नाव मिळाले. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावावरून ती 'फ्लॉइडचा अल्गोरिदम' म्हणूनही ओळखली जाते.

## समस्या

एकेरी लिंक्ड लिस्टमधील प्रत्येक नोडमध्ये दोन गोष्टी असतात : साठवलेली माहिती आणि पुढील नोडचा पत्ता. शेवटच्या नोडमधील पत्ता रिक्त असतो व त्यावरून यादी संपल्याचे कळते. परंतु काही चुकीमुळे एखाद्या नोडमधील पत्ता मागील नोडकडेच वळला, तर यादीला शेवट उरत नाही. अशी यादी वाचू लागलेला प्रोग्रॅम तेच ते नोड फिरत राहतो आणि कधीच थांबत नाही.

भेट दिलेल्या प्रत्येक नोडची नोंद ठेवणे हा यावरचा सरळ उपाय होय. नोंद असलेला नोड पुन्हा आढळला की चक्र सिद्ध होते आणि तोच चक्राचा आरंभही असतो. मात्र यादीत दहा लाख नोड असतील, तर दहा लाख नोंदी साठवाव्या लागतात. ससा-कासव पद्धतीत यादी कितीही लांब असली तरी केवळ दोन पॉइंटरांइतकी जागा पुरते.

## पहिला टप्पा : चक्र आहे का?

दोन्ही पॉइंटर यादीच्या पहिल्या नोडवर ठेवतात. प्रत्येक फेरीत कासव एक नोड पुढे जाते, तर ससा दोन. ससा रिक्त पत्त्यापाशी पोहोचला, तर यादीला शेवट आहे, म्हणजेच चक्र नाही. दोघे चालल्यानंतर एकाच नोडवर आले, तर चक्र आहे.

ससा कासवाला ओलांडून पुढे निघून जाईल आणि भेट कधीच होणार नाही, अशी शंका येथे स्वाभाविक आहे. परंतु दोघेही चक्रात आल्यावर ससा कासवाच्या मागून धावत असतो आणि प्रत्येक फेरीत त्यांच्यातील अंतर नेमके एका नोडने घटते. अंतर चार असेल तर ते तीन, दोन, एक आणि शेवटी शून्य होते. शून्य टाळून पुढे जाणे शक्यच नाही. म्हणून चक्रात शिरल्यावर कासवाची एक पूर्ण प्रदक्षिणा होईपर्यंत भेट निश्चित होते.

## उदाहरण

० ते ७ असे आठ नोड क्रमाने जोडलेले आहेत आणि ७ मधील पत्ता ३ कडे वळतो, असे मानू. ०, १, २ हे नोड चक्राबाहेरचे आहेत, तर ३, ४, ५, ६, ७ यांचे पाच नोडांचे चक्र आहे.

| फेरी | कासव | ससा |
|---|---|---|
| ० | ० | ० |
| १ | १ | २ |
| २ | २ | ४ |
| ३ | ३ | ६ |
| ४ | ४ | ३ |
| ५ | ५ | ५ |

पाचव्या फेरीअखेर दोघे नोड ५ वर भेटतात. चक्राचा आरंभ मात्र नोड ३ आहे. भेटीचे ठिकाण आणि चक्राचा आरंभ ही सामान्यतः दोन वेगळी स्थाने असतात.

## दुसरा टप्पा : आरंभ कोठे?

भेट झाल्यावर एक पॉइंटर पुन्हा पहिल्या नोडवर नेतात व दुसरा भेटीच्या जागीच ठेवतात. आता दोघेही एकेक नोड पुढे जातात. ते जेथे भेटतात तो चक्राचा आरंभ होय. वरील उदाहरणात पहिला पॉइंटर ०, १, २, ३ असा जातो आणि दुसरा ५, ६, ७, ३ असा. तीन पावलांनंतर दोघे नोड ३ वर असतात.

याचे कारण असे. भेटीपर्यंत कासव 'प' पावले चालले असेल, तर ससा '२प' पावले चाललेला असतो. दोघे एकाच नोडवर आहेत, म्हणजे सशाने जास्तीची चाललेली 'प' पावले चक्राच्या पूर्ण प्रदक्षिणांमध्येच खर्च झाली आहेत. म्हणून 'प' ही संख्या चक्राच्या लांबीच्या पटीत असते. उदाहरणात ती ५ आहे.

आरंभापर्यंतचे अंतर 'म' मानू. भेटीच्या जागेवरून 'म' पावले चाललेला पॉइंटर यादीच्या सुरुवातीपासून एकूण 'प + म' पावले चाललेला ठरतो. त्यातील 'प' पावले म्हणजे पूर्ण प्रदक्षिणा असल्याने त्याचे स्थान 'म' पावले चाललेल्या पॉइंटरसारखेच, म्हणजे चक्राच्या आरंभी असते. पहिला पॉइंटरही त्याच क्षणी तेथे पोहोचतो. त्यापूर्वी तो चक्राबाहेर असल्याने भेट आधी होणे शक्य नसते.

## पायथॉनमधील मांडणी

```python
def cycle_start(head):
    slow = fast = head
    while fast is not None and fast.next is not None:
        slow = slow.next
        fast = fast.next.next
        if slow is fast:
            slow = head
            while slow is not fast:
                slow = slow.next
                fast = fast.next
            return slow
    return None
```

तुलना `is` ने केली आहे, कारण दोन निराळ्या नोडांत सारखीच माहिती असू शकते. माहितीची तुलना केल्यास चक्र नसलेल्या यादीतही चक्र असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. तसेच तुलना पॉइंटर हलवल्यानंतरच करावी लागते. आरंभी दोघे एकाच नोडवर असल्याने आधीची तुलना नेहमीच खरी ठरेल.

## आढळणारी एक चूक

काही मांडण्यांत ससा सुरुवातीपासूनच एक नोड पुढे ठेवला जातो. चक्र आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर त्याने बिघडत नाही. परंतु तीच मांडणी दुसऱ्या टप्प्यास जोडल्यास उत्तर मिळत नाही. वरील यादीत कासव ० वर व ससा १ वर ठेवून सुरुवात केली, तर चार फेऱ्यांनंतर त्यांची भेट नोड ४ वर होते. दुसऱ्या टप्प्यात पहिला पॉइंटर ०, १, २, ३, ४ असा जातो आणि दुसरा ४, ५, ६, ७, ३ असा. पहिला आरंभी पोहोचतो तेव्हा दुसरा एक नोड मागे असतो आणि हे अंतर पुढे कधीच भरून निघत नाही. चक्र शोधण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच अनंत फेऱ्यांत अडकतो. कासवाची पावले येथे चक्राच्या लांबीच्या पटीहून एकाने कमी भरतात, हे त्याचे कारण. दोघांना एकाच नोडवरून सोडणे किंवा दुसऱ्या टप्प्यात भेटीच्या पुढच्या नोडपासून निघणे, हे यावरचे उपाय आहेत.

## मर्यादा व इतिहास

लागणारा वेळ यादीतील नोडांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. ही पद्धत प्रत्येक नोडमधून पुढे एकच वाट असेल तेथेच लागू पडते. अनेक वाटा फुटणाऱ्या आलेखांसाठी निराळ्या पद्धती वापराव्या लागतात.

डोनाल्ड नूथ यांनी 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या १९६९ मधील दुसऱ्या खंडात या पद्धतीचे श्रेय फ्लॉइड यांना दिले. १९७५ मध्ये जॉन पोलार्ड यांनी मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या आपल्या रीतीत हीच कल्पना वापरली. १९८० मध्ये रिचर्ड ब्रेंट यांनी तिचा अधिक वेगवान पर्याय मांडला.