व्याजदर वाढणार म्हणतात, मग फिक्स्ड घ्यायचं का?

एप्रिल २०२२ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. मे महिन्यात तो वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर जाऊन थांबला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशीच, जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. त्यामुळे ही अडीच टक्क्यांची वाढ कर्जदारांच्या खात्यात जशीच्या तशी उतरली.

तिचा परिणाम एका हिशेबावरून पाहू. २०२२ च्या सुरुवातीला कुणी ६.७ टक्क्यांनी ३० लाख रुपये वीस वर्षांसाठी घेतले असतील, तर हप्ता सुमारे २२,७२२ रुपये बसतो. वर्षभर हप्ते भरल्यावर मुद्दल २९ लाख २६ हजारांच्या आसपास उरतं. सोपं जावं म्हणून सगळी वाढ तेव्हा एकदमच लागू झाली असं धरू. दर ९.२ टक्के झाला की महिन्याचं व्याजच २२,४३३ रुपये होतं. हप्ता तोच राहिला तर मुद्दलातून फिटतात जेमतेम २८९ रुपये. या गतीने कर्ज संपायला आणखी ४७ वर्षं लागतील! मुदत मूळची ठेवायची तर हप्ता २७,२०० रुपयांवर न्यावा लागतो.

बँका अशा वेळी बहुधा हप्त्याला हात लावत नाहीत, मुदत लांबवतात. खात्यातून तेवढीच रक्कम जात असल्यामुळे कर्जदाराला काही बदललं आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावाच लागेल.

मग फिक्स्ड घेतलं असतं तर? दर वाढणार हे बँकेलाही कळत असतं, त्यामुळे फिक्स्डचा भाव ती आधीच चढा लावते. तो दीड टक्का जास्त, म्हणजे ८.२ टक्के, तीन वर्षांसाठी होता असं धरू. हप्ता पहिल्या महिन्यापासून २५,४६८ रुपये, म्हणजे दरमहा पावणेतीन हजार जास्त. ही तीन वर्षं फ्लोटिंगवाल्याला सरासरी दर पडला साधारण ८.७ टक्के. म्हणजे फिक्स्ड घेणारा जिंकला, पण थोडक्यात, आणि तेही दर झपाट्याने वाढले म्हणून. तीच वाढ संथपणे, तीन वर्षांत सारखी विभागून झाली असती, तर सरासरी वाढ सव्वा टक्काच भरली असती आणि फिक्स्ड महाग ठरलं असतं.

निर्णयाची किल्ली इथेच आहे. दर शेवटी कुठे पोचेल याचा अंदाज पुरेसा नाही. तुमच्या फिक्स्ड मुदतीतली सरासरी महत्त्वाची. वाढ सावकाश होणार असेल, तर मुदतीच्या अखेरीस फ्लोटिंग दर आजच्या फरकाच्या दुपटीने वर गेला पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. दीड टक्क्याचा फरक असेल तर तीन टक्क्यांची वाढ. तुम्हाला ती खरोखर संभवते का, हे स्वतःला विचारा.

दुर्दैवाने लोकांना फिक्स्डची आठवण होते ती दर चढून बसल्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये घाबरून फिक्स्ड घेणाऱ्याने अशा वाढीपासून संरक्षण विकत घेतलं, जी पुढे झालीच नाही. रेपो दोन वर्षं जागेवर राहिला आणि २०२५ मध्ये कमी होत गेला.

कागदपत्रांत आणखी दोन गोष्टी तपासा. आपल्याकडे ‘फिक्स्ड’ म्हणून विकलेलं कर्ज बऱ्याचदा पहिली दोन, तीन किंवा पाच वर्षंच स्थिर असतं, पुढे फ्लोटिंग होतं. वीस वर्षं म्हणवणाऱ्या करारातही दर बदलण्याचं कलम असू शकतं. दुसरं, वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही. फिक्स्डला तो लागू शकतो. बोनस आला की मुद्दलात भरायचा किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं असा बेत असेल, तर ही मोकळीक मोठी आहे.

माझं मत विचाराल तर दर तळाशी असताना फिक्स्डचा फरक एका टक्क्याच्या आत मिळत असेल, किंवा हप्ता चार-पाच हजारांनी वाढला तर घरखर्चच कोलमडणार असेल, तरच फिक्स्ड घ्यावं. इतरांनी फ्लोटिंग घ्यावं, पण दर वाढला की कर्जाच्या खातेउताऱ्यावर उरलेले हप्ते किती ते पाहावं आणि ते वाढले असतील तर हप्ता वाढवून मागणारा लेखी अर्ज बँकेत त्याच महिन्यात द्यावा.