पासवर्ड न देता जीएसटीची माहिती

महिन्याची १४ तारीख उलटली, की कर सल्लागारांच्या कार्यालयांत एकच घाई असते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येक अशिलाचे जीएसटीआर-२बी पोर्टलवरून उतरवायचे, खरेदीच्या बिलांशी ताडून पाहायचे आणि २० तारखेच्या आत ३बी भरायचे. चाळीस अशील असतील तर चाळीस वेळा लॉगिन आणि चाळीस वेळा कॅप्चा. मग कुणीतरी हे सगळे आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहून देतो.

ही स्क्रिप्ट माणसासारखी पाने उघडते आणि बटणे दाबते, म्हणून पानाची रचना बदलली की ती अडते. अडली तर निदान कळते तरी. न अडता चुकली, तर नुकसान जास्त. समजा, ऑगस्टऐवजी तिने जुलैचेच २बी उतरवले. मग पुरवठादाराने वेळेवर दाखवलेली बिलेही गहाळ दिसतात आणि हक्काचे इनपुट क्रेडिट सुटते. म्हणून फाइल कशीही आलेली असो, ताळमेळाआधी जेसन फाइलमधला जीएसटी क्रमांक आणि महिना तपासावा. ऑगस्ट २०२५ साठी तिथे हेच दिसले पाहिजे:

```
"rtnprd": "082025"
```

त्याहून मोठा धोका पासवर्डचा आहे. स्क्रिप्टसाठी सगळ्या अशिलांचे पासवर्ड एका एक्सेलमध्ये ठेवले जातात आणि ओटीपी व्हॉट्सॲपवर मागवले जातात. पासवर्ड आणि ओटीपी वेगवेगळ्या हातांत असावेत म्हणूनच तर दुहेरी तपासणी आहे. दोन्ही एकाच संगणकावर आले की तिचा उपयोग संपतो.

जीएसटीने यासाठी अधिकृत वाट ठेवली आहे. करदाता स्वतः लॉगिन करून My Profile मधल्या Manage API Access मध्ये परवानगी देतो. तिची मुदत तोच ठरवतो: किमान ६ तास, जास्तीत जास्त ३० दिवस. मग सल्लागाराचे सॉफ्टवेअर मान्यताप्राप्त जीएसटी सुविधा प्रदात्यामार्फत ओटीपीची विनंती करते. ओटीपी करदात्याच्या नोंदलेल्या मोबाइलवर येतो. तो भरला की सॉफ्टवेअरला ६ तासांचे टोकन मिळते आणि परवानगीची मुदत असेपर्यंत ते वाढवून घेता येते. पासवर्ड कुणालाच कळत नाही आणि ठरावीक रचनेतली माहिती मिळत असल्याने पानाचे रूप बदलले तरी काम अडत नाही.

या वाटेलाही मर्यादा आहेत. सुविधा प्रदात्याची सेवा सहसा विकत घ्यावी लागते. परवानगी प्रत्येक जीएसटी क्रमांकाची वेगळी असते आणि मुदत संपली की पुन्हा ओटीपी लागतो. ती १० तारखेच्या सुमारास ३० दिवसांसाठी घेतली, तर १४ ते २० तारखांचे काम निर्धास्त होते.

अशील मोजकेच असतील तर एवढाही खटाटोप नको. लॉगिन करदात्याने करावे, फाइल त्यानेच उतरवून पाठवावी आणि बिलांचा ताळमेळ तेवढा संगणकावर सोपवावा. खरा वेळ खाणारे काम तेच आहे आणि त्यासाठी कुणाचाही पासवर्ड लागत नाही.